अठ्ठेचाळीस बेअरिंगांचा खुलासा

दुसऱ्या शिफ्टला येऊन जेमतेम पाऊण तास झालेला असतो. एचआरचा शिपाई स्टोअरच्या खिडकीशी येतो, पाकीट पुढे करतो आणि म्हणतो, “इथं सही करा.” पाकिटात एक पानी पत्र निघतं. वर ठळक अक्षरांत ‘कारणे दाखवा नोटीस’ आणि खाली तीन क्रमांक घातलेले आरोप. शेवटी ते ठरलेलं वाक्य: ‘आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा ही नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत सादर करावा. मुदतीत खुलासा न आल्यास आपणास काही सांगावयाचे नाही असे समजण्यात येईल.’

असं पत्र हातात पडलं की माणसाला पहिल्यांदा राग येतो, मग भीती वाटते. उत्तर बहुतेक वेळा या दोहोंपैकी एकीच्या तावडीत लिहिलं जातं. रागातलं उत्तर म्हणजे साहेबांवर उलटे आरोप, आणि भीतीतलं उत्तर म्हणजे ‘चूक झाली, माफ करा, पुन्हा होणार नाही.’ ही दोन्ही उत्तरं लिहिणाऱ्यालाच महागात पडतात. ती कशी, आणि मधला रस्ता कोणता, हे पाहण्यासाठी एक प्रकरण घेऊ. समजावण्यासाठी ते रचलेलं आहे, पण अशी प्रकरणं औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत नेहमी घडतात.

प्रकरण असं आहे

समजा, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात एक स्टोअरकीपर आहे. नऊ वर्षांची नोकरी, एकही मेमो नाही. ५ ऑगस्ट तारखेची नोटीस त्याला ७ ऑगस्टला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मिळाली. तिच्यात तीन आरोप आहेत. पहिला: ९ जुलैच्या दुसऱ्या शिफ्टमध्ये त्याने असेंब्ली लाइनला इश्यू स्लिपशिवाय बेअरिंग दिले. दुसरा: ३१ जुलैच्या स्टॉक तपासणीत त्याच बेअरिंगचे ४८ नग कमी निघाले, म्हणजे त्याच्या हलगर्जीपणामुळे कंपनीचं ७,२०० रुपयांचं नुकसान झालं. तिसरा: १७ जुलैला तो पूर्वपरवानगीशिवाय आणि न कळवता गैरहजर राहिला.

आता प्रत्यक्षात घडलं होतं ते असं. ९ जुलैच्या रात्री सव्वानऊच्या सुमारास लाइन सुपरवायझर स्वतः स्टोअरला आले. बेअरिंग संपत आले होते, लाइन थांबायची वेळ आली होती. “दोन खोकी दे, स्लिप उद्या पाठवतो,” असं ते म्हणाले. एका खोक्यात ४८ नग असतात. स्टोअरकीपरने दोन खोकी, म्हणजे ९६ नग दिले आणि स्टोअरच्या रोजच्या रजिस्टरमध्ये वेळेसकट नोंद केली. दुसऱ्या दिवशी स्लिप आली, पण ती ४८ नगांची. कामाच्या गर्दीत त्याने रजिस्टर उघडून आकडा ताडून न पाहता स्लिपप्रमाणे ४८ नग कॉम्प्युटरवर उतरवले. महिनाअखेर मोजणी झाली तेव्हा कॉम्प्युटर ४१२ नग दाखवत होता आणि रॅकवर ३६४ होते. फरक बरोबर एका खोक्याचा.

१७ जुलैला पहाटे मुलीला ताप चढला, तिला दवाखान्यात न्यावं लागलं. सहा वाजून दहा मिनिटांनी त्याने स्टोअर इनचार्जना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं. दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज दिला. तो पुढे एचआरपर्यंत पोहोचला की नाही, ते त्याला ठाऊक नाही.

म्हणजे पहिला आरोप खरा आहे, दुसरा अर्धा खरा आहे आणि तिसऱ्यातला एक शब्द खरा तर एक खोटा आहे. बहुतेक नोटिसा अशाच असतात. संपूर्ण खोटी किंवा संपूर्ण खरी नोटीस क्वचित येते. उत्तर लिहिण्याचं सगळं कौशल्य खऱ्या-खोट्याची ही वाटणी नीट करण्यात आहे.

आधी पोच, मग मुदत

पाकिटावर सही करायची की नाही, इथूनच घोळ सुरू होतो. ‘सही केली म्हणजे आरोप मान्य केले’ असा एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. पोचेवरची सही फक्त कागद मिळाल्याची असते. घ्यायला नकार दिला तर कंपनी दोन साक्षीदारांच्या सह्यांनी तसा शेरा मारते, स्पीड पोस्टाने घरच्या पत्त्यावर पाठवते आणि नोटीस बोर्डावर लावते. मुदत चालू होतेच, आणि ‘नोटीस नाकारली’ हा शेरा फुकटचा पदरी पडतो. त्यामुळे सही करावी, पण सहीखाली तारीख आणि वेळ आपल्या हाताने लिहावी. पत्रावर ५ ऑगस्ट आहे आणि मिळालं ७ ला. तीन दिवस ७ पासून मोजायचे आहेत, आणि याचा पुरावा म्हणजे ती हाताने लिहिलेली वेळ.

त्यानंतरचं काम म्हणजे काय काय कागद पाहिजेत हे ठरवणं. स्टॉक तपासणीचा तक्ता स्टोअरकीपरकडे नाही, आणि तो पाहिल्याशिवाय दुसऱ्या आरोपाला नेमकं उत्तर देता येत नाही. म्हणून ८ ऑगस्टला, मुदत संपायच्या आत, त्याने चार ओळींचं पत्र द्यावं: अमुक तक्त्याची प्रत मिळावी, आणि खुलासा देण्यास १४ ऑगस्टपर्यंत मुदत मिळावी. मुदत उलटून गेल्यावर केलेली अशी मागणी टाळाटाळ दिसते, आत केलेली मागणी रास्त दिसते. कंपनीने मुदत नाकारली, तरी हाती असलेल्या माहितीवर वेळेत उत्तर द्यायचं आणि ‘तक्त्याची प्रत मिळालेली नाही, ती मिळाल्यावर अधिक खुलासा करण्याची परवानगी असावी’ एवढं त्यात लिहायचं. प्रत मिळाली नाही म्हणून गप्प बसायचं नाही. गप्प बसणाऱ्यासाठी नोटिशीतलं ते शेवटचं वाक्य तयारच असतं.

इथे एक खबरदारी. रजिस्टरची पानं गुपचूप झेरॉक्स करून किंवा फोटो काढून उत्तराला जोडण्याचा मोह होतो. ते रजिस्टर कंपनीचं आहे. परवानगीशिवाय कागद बाहेर नेल्याचा नवा आरोप त्यातून उभा राहू शकतो. त्याऐवजी रजिस्टरचं नाव, तारीख, पान आणि नोंदीचा क्रमांक लिहावा आणि ते तपासावं अशी विनंती करावी. काम तेवढंच होतं आणि कागद जिथला तिथे राहतो. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप मात्र आपल्या फोनमधला आहे. त्याचा तारीख-वेळ दिसणारा स्क्रीनशॉट छापून जोडावा, आणि मूळ निरोप फोनमधून पुसू नये.

रात्री लिहिलेला मसुदा

७ ऑगस्टच्या मध्यरात्री घरी पोचल्यावर आपल्या स्टोअरकीपरने पहिला मसुदा लिहिला, तो असा असणार:

‘सुपरवायझर साहेबांनी मला मुद्दाम अडकवले आहे. ९६ नग नेऊन ४८ ची स्लिप देण्यामागे त्यांचा काय हेतू होता याची चौकशी करा. ते नेहमीच स्लिपशिवाय माल नेतात, पण त्यांना कोणी विचारत नाही. इनचार्ज साहेबांनी माझा मेसेज जाणूनबुजून दडवला. नऊ वर्षे इमाने इतबारे काम केल्याचे हे फळ आहे. सर्व आरोप खोटे व बिनबुडाचे असून मी ते फेटाळतो.’

या सहा वाक्यांनी त्याचं किती नुकसान केलं, ते पाहा. ‘मुद्दाम’, ‘हेतू’, ‘जाणूनबुजून’ हे तिन्ही शब्द दुसऱ्याच्या मनातलं सांगतात, आणि दुसऱ्याच्या मनाचा पुरावा याच्याकडे नाही. आता सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची होती, ती त्याने स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतली. वरिष्ठांवर खोटे आरोप करणं हेही बऱ्याच ठिकाणी गैरवर्तन धरलं जातं, म्हणजे तीन आरोपांचे चार झाले. ‘ते नेहमीच स्लिपशिवाय माल नेतात’ या वाक्यात तर त्याने नकळत स्वतःविरुद्धच साक्ष दिली. कारण ते नेहमी नेत असतील, तर नेहमी देणारा कोण? हाच.

‘सर्व आरोप खोटे’ हे शेवटचं वाक्य वकिली नमुन्यातून उचललेलं असतं. पण स्लिपशिवाय माल दिल्याची नोंद त्याच्याच हस्ताक्षरात रजिस्टरमध्ये आहे. एक गोष्ट धडधडीत खोटी ठरली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

सगळ्यात मोठं नुकसान वेगळंच आहे. ‘स्लिप उद्या पाठवतो’ हे सुपरवायझर बोलले, तेव्हा तिथे तिसरं कुणी नव्हतं. म्हणजे तोंडी सूचना मिळाली होती हे सांगू शकणारा जगात एकच माणूस आहे, तो म्हणजे सुपरवायझर. उद्या चौकशीत त्यांनी “हो, लाइन थांबत होती म्हणून मीच मागितले” एवढं म्हटलं की पहिल्या आरोपाची धार निम्मी होते. पण ज्याच्यावर लेखी चोरीचा संशय घेतला, तो असं कशाला म्हणेल? तो आता स्वतःला वाचवणार. उलटा आरोप करून स्टोअरकीपरने आपला एकुलता एक साक्षीदार गमावला.

हा कागद वाचणार कोण?

खुलाशाचा पहिला वाचक एचआर मॅनेजर असतो, आणि लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा तोच असतो. म्हणून कागदावर भांडण उतरतं. खुलासा समाधानकारक वाटला तर प्रकरण तिथेच मिटतं किंवा लेखी ताकीद देऊन संपतं. नाही वाटला तर आरोपपत्र येतं, चौकशी अधिकारी नेमला जातो, साक्षी होतात, उलटतपासणी होते, अहवाल येतो आणि त्यावर शिक्षेचा निर्णय. पुढे प्रकरण कामगार न्यायालयात गेलं, तर अनेकदा काही वर्षांनी एक न्यायाधीश हाच कागद हातात घेतो. या सगळ्यांपैकी कुणीही ९ जुलैच्या रात्री स्टोअरमध्ये नव्हतं. त्यांना राग कळत नाही, त्यांना तारीख कळते.

शिवाय खातेनिहाय चौकशीत फौजदारी खटल्यासारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही. शक्यतेचं पारडं कुणीकडे झुकतं, ते पाहिलं जातं. अशा ठिकाणी घटनेनंतर लगेच लिहिलेल्या, आकड्यांशी जुळणाऱ्या शांत खुलाशाला वजन येतं. आणि याच कारणाने त्यातली प्रत्येक कबुलीही चिकटते. उलटतपासणीत पहिला प्रश्न येतो तो हाच: “खुलाशावरची सही तुमचीच ना?”

म्हणून भीतीतलं उत्तरही तितकंच घातक. ‘असं लिहून द्या, प्रकरण मिटवून टाकू’ असं कुणी सांगतं, आणि माणूस ‘माझ्याकडून चूक झाली, मी माफी मागतो’ असं मोघम लिहून देतो. चूक कोणती? स्लिप न घेण्याची, की ४८ बेअरिंग गायब होण्याची? कागदावर दोन्हींची कबुली झाली. चूक मान्य करायला हरकत नाही, बऱ्याचदा ते योग्यच असतं. पण नेमकी जेवढी झाली तेवढीच, आणि ती कोणती हे नाव घेऊन.

सकाळी लिहिलेला मसुदा

सगळे कागद पाहून, मिळालेल्या मुदतीत, १३ ऑगस्टला दिलेला खुलासा असा असू शकतो:

‘विषय: दिनांक ५ ऑगस्टच्या कारणे दाखवा नोटिशीचा खुलासा.

महोदय,

वरील नोटीस मला ७ ऑगस्ट रोजी दुपारी ४.१० वाजता मिळाली. माझ्या विनंतीनुसार स्टॉक तपासणी तक्त्याची प्रत व १४ ऑगस्टपर्यंत मुदत देण्यात आली, त्याबद्दल आभारी आहे. नोटिशीतील मुद्द्यांचा क्रमवार खुलासा पुढीलप्रमाणे आहे.

मुद्दा १: दिनांक ९ जुलै रोजी दुसऱ्या शिफ्टमध्ये रात्री ९.२० वाजता मी असेंब्ली लाइनला बेअरिंगचे ९६ नग (दोन खोकी) इश्यू स्लिपशिवाय दिले, हे खरे आहे. लाइन थांबण्याच्या स्थितीत असल्याचे व स्लिप दुसऱ्या दिवशी देण्यात येईल असे लाइन सुपरवायझर यांनी मला तोंडी सांगितले होते. माल दिल्याची नोंद मी त्याच वेळी स्टोअरच्या दैनिक रजिस्टरमध्ये केली आहे (९ जुलै, पान ११२, शेवटची नोंद). स्लिप घेतल्यानंतरच माल देण्याची पद्धत मला माहीत आहे. त्या वेळी मी स्टोअर इनचार्ज यांना फोन करून परवानगी घ्यायला हवी होती, ती मी घेतली नाही.

मुद्दा २: दिनांक १० जुलै रोजी मिळालेल्या स्लिपवर ४८ नग लिहिलेले आहेत. त्या स्लिपनुसार मी सिस्टिममध्ये ४८ नगांची नोंद केली. प्रत्यक्षात दिलेले नग ९६, नोंद झालेले ४८, म्हणजे ४८ नगांची नोंद राहिली. ३१ जुलैच्या तपासणीत सिस्टिमप्रमाणे ४१२ व प्रत्यक्षात ३६४ नग आढळले. हा फरकही ४८ नगांचाच आहे. स्लिपवरील आकडा रजिस्टरशी ताडून पाहणे हे माझे काम होते व त्या दिवशी ते माझ्याकडून राहिले. मात्र हे नग गहाळ झाले नसून उत्पादनासाठी दिले गेले आहेत, असे माझे म्हणणे आहे. याची खात्री ९ व १० जुलैच्या उत्पादन अहवालावरून होऊ शकेल. तो अहवाल तपासावा, ही विनंती.

मुद्दा ३: दिनांक १७ जुलै रोजी मी कामावर नव्हतो व त्यासाठी आधी परवानगी घेतलेली नव्हती, हे खरे आहे. मुलगी अचानक आजारी पडल्यामुळे तिला पहाटे दवाखान्यात न्यावे लागले. शिफ्ट सुरू होण्यापूर्वी सकाळी ६.१० वाजता मी स्टोअर इनचार्ज यांना व्हॉट्सअ‍ॅपवर तसे कळवले होते (प्रत १) व १८ जुलै रोजी रजेचा अर्ज दिला होता. दवाखान्याचा कागद सोबत जोडला आहे (प्रत २). त्यामुळे न कळवता गैरहजर राहिलो, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही, असे नम्रपणे नमूद करतो.

माझी नऊ वर्षांची सेवा असून आजवर मला ताकीद देण्यात आलेली नाही. वरील बाबी विचारात घेऊन पुढील कारवाई करू नये, ही विनंती. प्रत्यक्ष बोलावल्यास मी सर्व नोंदी दाखवण्यास तयार आहे.’

काय केलं, काय टाळलं

या पत्रात सुपरवायझरचा उल्लेख आहे, स्टोअर इनचार्जचाही आहे. उलटा आरोप न करणं म्हणजे दुसऱ्याचं नावच न घेणं, असं नव्हे. स्लिप ४८ ची आली, हे सांगावंच लागेल, नाहीतर हिशेब लागत नाही. फरक एवढाच की पत्र ‘काय झालं’ तिथे थांबतं, ‘का केलं असेल’ यात शिरत नाही. स्लिप एकाच खोक्याची का लिहिली गेली? कदाचित सुपरवायझरच्या लक्षात एकच खोकं राहिलं असेल, कदाचित दुसरं काही असेल. स्टोअरकीपरला ते माहीत नाही, म्हणून तो त्यावर बोलत नाही. वाचणाऱ्याला प्रश्न पडायचा तो पडतोच. ९६ आणि ४८ हे आकडे शेजारी ठेवले की आवाज चढवायची गरज उरत नाही.

एक सोपी कसोटी आहे. प्रत्येक वाक्याला विचारायचं: हे मी स्वतः पाहिलं, ऐकलं किंवा केलं आहे का? हो असेल तर वाक्य राहू द्यावं. ते माझा अंदाज असेल तर काढावं. ‘त्यांनी मेसेज दडवला’ हा अंदाज आहे. ‘मी ६.१० ला मेसेज पाठवला’ हे स्वतः केलेलं आहे. विशेषणं आणि क्रियाविशेषणं याच कसोटीवर गळतात, आणि पत्र आपोआप निम्मं होतं.

तिसऱ्या मुद्द्यात दोन शब्द वेगळे काढले आहेत, तेही पाहण्यासारखं आहे. ‘पूर्वपरवानगीशिवाय’ हे मान्य, ‘न कळवता’ हे अमान्य. नोटिशीत हे दोन शब्द एका दमात येतात, पण शिस्तीच्या दृष्टीने ते वेगळे आहेत. २०२५ मध्ये रद्द झालेल्या १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या आदर्श आदेशांत विनारजा गैरहजेरी गैरवर्तन ठरत होती ती सवयीची असेल तर, किंवा सलग दहा दिवसांहून अधिक असेल तर. सर्वोच्च न्यायालयानेही कृष्णकांत परमार विरुद्ध भारत सरकार या २०१२ च्या निकालात म्हटलं, की आजारपण, अपघात अशा नाइलाजाने माणूस गैरहजर राहू शकतो, म्हणून गैरहजेरी हेतुपुरस्सर होती हे आधी सिद्ध व्हायला हवं. हे पत्रात उद्धृत करायची गरज नाही. कायद्याची कलमं खुलाशात ओतली की तो धमकीसारखा वाचला जातो. पण कोणता शब्द मान्य करायचा आणि कोणता नाही, हे ठरवताना ते माहीत असावं. आपल्या कंपनीचे स्थायी आदेश काय म्हणतात, ते तर आधी वाचावंच.

शेवटच्या परिच्छेदातलं नऊ वर्षांचं वाक्यही सहानुभूतीसाठी नाही. शिक्षा ठरवताना गैरवर्तनाचं गांभीर्य, आधीची सेवा आणि प्रकरणातली परिस्थिती विचारात घ्यावी, असं त्याच आदर्श आदेशांत सांगितलं होतं. म्हणून ते सांगायचं, पण एका ओळीत. ‘इमाने इतबारे’ आलं की पुढे ‘त्याचं हे फळ’ येतंच.

सरकारी कार्यालयात हाच कागद ‘खुलासा’ म्हणूनच मागितला जातो आणि पुढची कार्यवाही महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे चालते. नियम बदलतात, पण लिहिण्याची रीत हीच. नोटीस इंग्रजीत असली आणि ती नीट समजत नसली, तर मराठी प्रत मागावी. उत्तर तर मराठीतच द्यावं. ज्या भाषेत आपल्याला ‘गहाळ’ आणि ‘नोंद राहिली’ यांतला फरक नेमका कळतो, तीच भाषा सुरक्षित.

ही रीत कुठे पुरत नाही

आरोप चोरीचा, अफरातफरीचा किंवा खोटे दस्तऐवज केल्याचा असेल, किंवा पोलिसांत तक्रार झाली असेल, तर एकट्याने बसून खुलासा लिहू नये. तिथे लिहिलेलं वाक्य दुसऱ्या ठिकाणीही वापरलं जाऊ शकतं. आधी वकिलाला किंवा युनियनच्या जाणत्या पदाधिकाऱ्याला दाखवावं, आणि तोवर मुदतवाढ मागावी.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. कधी कधी वरिष्ठ खरोखरच छळत असतो, आणि नोटीस हा त्या छळाचाच भाग असतो. मग गप्प राहायचं का? मुळीच नाही. पण ती तक्रार या पत्रात घालू नये. ती वेगळ्या अर्जाने, वेगळ्या तारखेने, जिथे तिची दखल घेणं बंधनकारक आहे तिथे द्यावी: तक्रार निवारण समितीकडे, युनियनकडे, आणि लैंगिक छळाची असेल तर २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे. खुलाशात घातलेली खरी तक्रार ‘स्वतःवरचा आरोप टाळण्यासाठी केलेला कांगावा’ म्हणून बाजूला सारली जाते. तीच तक्रार वेगळी दिली की तिची वेगळी चौकशी करावी लागते.

आणि चांगल्या खुलाशाने नोकरी वाचतेच, असं नाही. आपल्या प्रकरणात स्लिप न घेतल्याबद्दल आणि आकडा न ताडल्याबद्दल स्टोअरकीपरला लेखी ताकीद मिळू शकते, आणि ती अन्यायाची म्हणता येणार नाही. पण ४८ बेअरिंग गायब केल्याचा ठपका आता त्याच्यावर टिकणं अवघड आहे. उत्पादन अहवाल मागवून न पाहताच तो ठेवला, तर ते न पाहणंही फाइलमध्ये नोंदलं गेलेलं असेल.

उरलं शेवटचं काम. खुलाशाच्या दोन प्रती काढा. प्रत्येक पानावर सही करा. एक प्रत आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. शिक्का द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तोच खुलासा कंपनीच्या अधिकृत ईमेलवर आणि स्पीड पोस्टाने त्याच दिवशी पाठवा. पोचेची ती प्रत स्टोअरच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका, घरी ठेवा. निलंबन झालं, तर त्या ड्रॉवरपर्यंत तुम्हाला जाता येणार नाही.